नेमप्लेटवरून शीर्षक: पंपाच्या उत्पादन-पानाला नाव कसं द्यावं

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्यांच्या वेबसाइटवर चौतीस पंपांची चौतीस पानं होती आणि सगळ्या पानांचं टायटल एकच होतं. टायटल म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारी आणि गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत येणारी ओळ. ती अशी होती:

```html
<title>Home | Best Quality Industrial Pumps Manufacturer in Goa India</title>
```

मी फोंड्यात राहतो आणि आसपासच्या कारखान्यांच्या वेबसाइटचं काम पाहतो. या कारखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकांनी तक्रार सांगितली ती अशी: "इन्क्वायरी येतात, पण भलत्याच. कोणी घरच्या टाकीसाठी पंप मागतो, कोणी कुळागराला पाणी द्यायला. आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना आम्ही बनवतो तोच पंप हवा असतो, तर ते पुण्याहून मागवतात."

त्यांचा पंप चांगलाच होता. गूगलवर तो शोधणाऱ्याला सापडत नव्हता, कारण पानाच्या नावात पंपाचं नावच नव्हतं. ती चौतीस टायटलं आम्ही कशी बदलली ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण एकाच पंपाचं घेतो. त्याला `CP 65-50-160` म्हणू. सीपी ही अक्षरं उदाहरणापुरती घेतली आहेत, आकडे मात्र या धंद्यात रोज दिसणारे आहेत.

आधी इन्क्वायऱ्या वाचा

टायटल लिहायला संगणकापुढे बसण्याआधी विक्री विभागाकडून मागच्या दीड-दोन वर्षांच्या इन्क्वायऱ्या मागून घ्या. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नेमप्लेटचे फोटो, पीओ, कन्सल्टंटकडून आलेले डेटाशीट, जे असेल ते. ब्रोशर मागू नका. ब्रोशरमध्ये कारखान्याचे शब्द असतात, आणि आपल्याला गिऱ्हाइकाचे शब्द हवे आहेत.

हे कागद वाचताना तीन वेगळी माणसं ओळखू येऊ लागतात. पहिला कारखान्यातला मेन्टेनन्स इंजिनिअर. त्याच्यापुढे बंद पडलेला पंप असतो, हातात मोबाईल असतो, आणि तो नेमप्लेटवर दिसतं तेच टाइप करतो: `cp 65-50-160` किंवा नुसतं `65 50 160 pump`. दुसरा डिझाइन कन्सल्टंट. त्याला मॉडेलशी देणंघेणं नसतं. त्याच्या कागदावर लागणारा प्रवाह आणि हेड, म्हणजे पंपाने द्रव किती मीटर उंच चढवायचा ते, असतं, म्हणून तो `25 m3/hr 32 m head ss316 pump` असं शोधतो. तिसरा खरेदी विभागातला माणूस. वरून त्याला एवढंच कळवलेलं असतं की सॉल्व्हंट यार्डातून रिअ‍ॅक्टरकडे नेणारा पंप हवा. तो `solvent transfer pump manufacturer` असं लिहितो.

या तिघांचे शब्द एका स्प्रेडशीटमध्ये तीन रकान्यांत उतरवा, त्यांनी लिहिले तसेच, स्पेलिंगच्या चुकांसकट. एककांकडेही लक्ष द्या. औषध कारखाने आणि रसायन उद्योग घनमीटर प्रतितास म्हणतात. हॉटेलांची आणि फायर लाइनची कामं करणारे कंत्राटदार लिटर प्रतिमिनिट म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या कामांत लिटर प्रतिसेकंद दिसतं, आणि मेन्टेनन्सवाले सरळ एचपी विचारतात. आमच्या पंपाचे २५ घनमीटर प्रतितास म्हणजे ४१७ लिटर प्रतिमिनिट, म्हणजे जवळजवळ ७ लिटर प्रतिसेकंद. पंप तोच असतो, पण शोधताना शब्द चार प्रकारचे पडतात. टायटलमध्ये एकच एकक बसतं. त्या पंपाचं मुख्य गिऱ्हाईक जे वापरतं ते तिथे घ्यावं आणि बाकीची पानावरच्या तक्त्यात द्यावीत.

मॉडेल क्रमांक आधी समजून घ्या, मग लिहा

टायटल लिहिणाऱ्याला मॉडेल क्रमांकाचा अर्थ माहीत नसेल तर तो हमखास चुकतो. रसायनांसाठीच्या एण्ड-सक्शन पंपांची मापं आयएसओ २८५८ या मानकात ठरलेली आहेत. त्यानुसार ६५-५०-१६० मधला पहिला आकडा सक्शनचा, म्हणजे द्रव आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास, दुसरा डिलिव्हरीचा, म्हणजे बाहेर सोडणाऱ्या तोंडाचा व्यास आणि तिसरा इम्पेलरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या चाकाचा नाममात्र व्यास, तिन्ही मिलिमीटरमध्ये. पण पाण्याच्या पंपांसाठी युरोपात चालणाऱ्या ईएन ७३३ या मानकात सक्शनचा आकडा लिहीतच नाहीत. तिथे याच आकाराच्या पंपाला नुसतं ५०-१६० म्हणतात. दोन्ही पंपांचे पाय आणि फ्लँज एकमेकांशी जुळतीलच असं नसतं, म्हणून ५०-१६० शोधणाऱ्याला ओढण्यासाठी आपल्या रसायनाच्या पंपाच्या टायटलमध्ये तो आकडा घालू नये. तो माणूस येईल, ड्रॉइंग बघेल आणि निघून जाईल.

त्यानंतर लिहिण्याची पद्धत. या कारखान्यात एकाच पंपाला नेमप्लेटवर `CP 65-50-160`, किमतींच्या यादीत `CP65/50/160`, टॅलीत `CP-6550160` आणि वेबसाइटवर `CP Series (65x50x160)` म्हणत होते. चारही आपलेच, पण गूगलला आणि गिऱ्हाइकालाही ते चार पंप वाटू शकतात. डॅश, तिरकी रेघ आणि मोकळी जागा या बहुतेक वेळा सारख्याच धरल्या जातात. मात्र आकडे एकमेकांना चिकटवले की तो वेगळाच शब्द होतो. आम्ही नियम केला की नेमप्लेटवर जे कोरलेलं आहे तेच टायटलमध्ये, तेच पानाच्या मोठ्या मथळ्यात, तेच कोटेशनवर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षं राहणारी गोष्ट नेमप्लेट आहे, किमतींची यादी नव्हे. जुनं किंवा चिकटवलेलं रूप खाली तक्त्यात एकदा लिहिलं की पुरतं.

यात एक अडचण आहे, आणि तिच्यामुळेच नुसता मॉडेल क्रमांक पुरत नाही. ६५-५०-१६० हा पंप दोन पोलच्या मोटरवर मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्यांनी चालवला तर तो तासाला २५ घनमीटर पाणी ३२ मीटर हेडवर देतो. तोच पंप चार पोलच्या मोटरवर १४५० फेऱ्यांनी चालवला तर प्रवाह निम्मा होतो आणि हेड चौथ्या हिश्शावर येतं: साडेबारा घनमीटर, ८ मीटर. मॉडेल तेच, केसिंग तेच, पण काम पूर्णपणे वेगळं. क्षमता टायटलमध्ये लिहावी लागते ती यासाठी.

क्षमता लिहिताना होणारी सगळ्यात महागडी चूक

ही पायरी जरा सावकाश वाचा. पंपांच्या वेबसाइटवर मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच आहे.

बहुतेक पानांवर क्षमता अशी लिहिलेली असते: `Flow up to 40 m3/hr, Head up to 38 m`. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी खरे नसतात. सेंट्रिफ्यूगल पंपाचा आलेख उतरता असतो. प्रवाह जवळजवळ बंद असतो तेव्हा हेड सर्वांत जास्त असतं, आणि प्रवाह वाढत गेला की हेड कमी होत जातं. त्यामुळे ४० घनमीटर आणि ३८ मीटर ही जोडी तो पंप कधीच देत नाही. टेस्टबेंचवरच्या कोणत्याही माणसाला हे ठाऊक असतं, पण टायटल लिहिणारा टेस्टबेंचवर जातच नाही.

परिणाम काय होतो? कन्सल्टंटला ३५ घनमीटर आणि ३५ मीटर हवं असतं. टायटल वाचून तो म्हणतो, हा पंप चालेल. इन्क्वायरी पाठवतो. विक्रीवाला आलेख बघून कळवतो की हा चालणार नाही, वरचं मॉडेल घ्यावं लागेल, किंमत वाढेल. कन्सल्टंटला वाटतं आपल्याला फसवलं, आणि पुढच्या कामाला तो हा कारखाना यादीतून काढतो. एका चुकीच्या जोडीमुळे गिऱ्हाईक कायमचं जातं.

म्हणून टायटलमध्ये प्रवाह आणि हेड यांची जोडीच लिहायची, आणि ती जोडी म्हणजे त्या पंपाचा ठरलेला ड्यूटी पॉइंट, ज्या प्रवाहावर आणि हेडवर त्याने काम करायचं तो बिंदू. त्याचा आलेखावरचा सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू घेतला तर उत्तम. आमच्या उदाहरणात ती जोडी २५ घनमीटर आणि ३२ मीटर. कमाल आकडे पानावर आलेखासोबत द्यावेत, कारण आलेखाशेजारी त्यांचा गैरसमज होत नाही.

इम्पेलर कापून देण्याची सोय असेल तर तीही पानावर सांगा, टायटलमध्ये नको. इम्पेलर १६० वरून १५० मिलिमीटरवर आणला तर हेड साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं. म्हणजे ३२ मीटरचे २८ मीटर होतात आणि प्रवाहही थोडा कमी होतो. प्रत्येक कापाला वेगळं पान काढायचा मोह काहींना होतो. तो टाळा. जवळजवळ एकसारखी सहा पानं तयार होतात आणि एकमेकांचीच जागा खातात.

आकडे टायटलमध्ये घालण्याआधी ते आपसात जुळतात का तेही तपासा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. पाण्यासाठी एक सोपं सूत्र आहे:

```
kW = (m3/hr × m) / (367 × efficiency)
```

आमच्या पंपाला ते लावू. २५ गुणिले ३२ म्हणजे ८००. त्याला ३६७ ने भागलं की सुमारे २.१८ येतात. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ३.६ किलोवॅट लागतात. नेमप्लेटवर ५.५ किलोवॅटची मोटर आहे, म्हणजे जुळतं. मोटर थोडी मोठी ठेवतातच. कारखान्याच्या यादीत एका मॉडेलपुढे ३२ ऐवजी ३२० मीटर छापलेलं होतं आणि ते तसंच वेबसाइटवरही गेलं होतं. तिथे सूत्राने ३६ किलोवॅट आले आणि मोटर साडेपाचचीच, म्हणून चूक लगेच उघडी पडली. टायटल लिहिणाऱ्याने चौतीसही ओळींना हे सूत्र लावून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

एचपीबद्दल थोडंसं. ५.५ किलोवॅटची मोटर बाजारात साडेसात एचपीची म्हणून विकली जाते. छोट्या पंपांसाठी एचपी टायटलमध्ये घ्यावं, कारण मेन्टेनन्सवाले तेच विचारतात. रसायनांच्या पंपासाठी मात्र एचपीपेक्षा हेड उपयोगी पडतं.

वापराचा शब्द: एकच, आणि पंपाला झेपणारा

वापराचे शब्द पहिल्या पायरीत तिसऱ्या रकान्यात जमा झालेले असतात. आमच्या यादीत सॉल्व्हंट ट्रान्सफर, अ‍ॅसिड ट्रान्सफर, स्क्रबर सर्क्युलेशन, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीचा फीड, कूलिंग टॉवर असे शब्द होते. मालकांचं म्हणणं होतं, सगळे घाला, जितके शब्द तितकी गिऱ्हाइकं. मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण धातूत होतं.

या पंपाची ओली अंगं, म्हणजे द्रवाला लागणारे भाग, एसएस ३१६ ची. हे पोलाद अनेक सॉल्व्हंटांना आणि सौम्य रसायनांना टिकतं, पण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडपुढे टिकत नाही, खाल्लं जातं. औषध कारखान्यातल्या स्क्रबरमध्ये बऱ्याचदा हाच अ‍ॅसिड वायू शोषला जातो, आणि तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीडीएफचे पंप लावतात. आपण टायटलमध्ये अ‍ॅसिड ट्रान्सफर लिहिलं तर पहिली इन्क्वायरी त्याच अ‍ॅसिडची येणार. ईटीपीचंही तसंच. गाळ आणि तंतू असलेल्या पाण्यात बंद इम्पेलर तुंबतो. तिथे वेगळ्या इम्पेलरचा पंप लागतो.

उरला सॉल्व्हंट ट्रान्सफर. हा पंपाला झेपणारा आणि वेर्णे, कुंडई, पिळर्ण इथल्या औषध कारखान्यांना रोज लागणारा शब्द आहे. तो घ्यायचा, पण तो घेतला की पानावर फ्लेमप्रूफ मोटर आणि मेकॅनिकल सीलचा प्रकार लिहिणं बंधनकारक होतं, कारण ज्वलनशील द्रवासाठी साधी मोटर लावून चालत नाही. टायटलने जे आश्वासन दिलं ते पानाने पाळलं पाहिजे.

धातूचं नाव लिहिताना अजून एक बारकावा लक्षात ठेवा. ड्रॉइंगवर ओतीव भागासाठी `CF8M` लिहिलेलं असतं. ते एसएस ३१६ चंच ओतीव रूप आहे. कन्सल्टंट ड्रॉइंगचा शब्द वापरतो, पण शोधताना बहुतेक जण `SS316` च टाइप करतात. टायटलमध्ये शोधाचा शब्द, तक्त्यात ड्रॉइंगचा.

जुळवणी

आता तुकडे एका ओळीत बसवायचे. गूगल टायटलला अक्षरांची मर्यादा घालत नाही, पण निकालात दाखवताना ओळ रुंदीप्रमाणे कापतो. इंग्रजी अक्षरांत साधारण ५५ ते ६० अक्षरं दिसतात. रुंद अक्षरं जास्त असली तर त्याहून कमी. म्हणून महत्त्वाचं आधी. आमची ओळ अशी झाली:

```html
<title>CP 65-50-160 SS316 Solvent Transfer Pump, 25 m3/hr, 32 m</title>
```

छप्पन अक्षरं. मेन्टेनन्सवाल्यासाठी मॉडेल पुढेच आहे, खरेदीवाल्यासाठी वापर मध्ये आहे, कन्सल्टंटसाठी जोडी शेवटी आहे. घनमीटर लिहिताना वर चढवलेला छोटा तीन वापरला नाही, कारण कीबोर्डवरून कोणीही तो टाइप करत नाही.

कारखान्याचं नाव इथे नाही, आणि मालकांना सुरुवातीला ते खटकलं. गूगल आता निकालाच्या वरच्या बाजूला साइटचं नाव वेगळं दाखवतो, त्यामुळे प्रत्येक ओळीत ते पुन्हा घालायची गरज उरलेली नाही. जागा उरत असेल तर शेवटी जरूर घालावं, पण क्षमता कापून नव्हे.

गोव्याचं नावही मॉडेलच्या पानावर नको. नेमप्लेट बघून शोधणारा गावाचं नाव टाइप करत नाही. "गोव्यात पंप कोण बनवतं" असं विचारणाराही असतो, पण त्याच्यासाठी मुखपृष्ठ आणि पंपांच्या प्रकारांची पानं आहेत. तिथे गोवा लिहावं, आणि पत्त्यात कुंडईचं जे स्पेलिंग वसाहतीच्या कागदपत्रांत आहे तेच ठेवावं. `Kundaim` आणि `Kundai` दोन्ही लोक लिहितात, म्हणून पत्त्याखाली दुसरं रूप एकदा येऊ द्यावं. बाकी टायटल मराठीत लिहावं का, असंही मला विचारतात. कारखान्यांचे खरेदीवाले रोमन अक्षरांतच शोधतात. कुळागरासाठी ओपनवेल पंप विकणाऱ्याने मात्र मराठीचा विचार जरूर करावा. ते गिऱ्हाईक वेगळं.

हाच क्रम सगळ्या पंपांना लावू नका. खाणीच्या खड्ड्यातलं पावसाचं पाणी उपसायचा डिझेल पंप शोधणाऱ्याला मॉडेल माहीत नसतं. त्याला काम माहीत असतं आणि घाई असते. तिथे मॉडेल शेवटी जातं:

```html
<title>Diesel Dewatering Pump, 200 m3/hr, 20 m, Trolley, DW-150</title>
```

साधी कसोटी अशी: ज्या पंपाचे सुटे भाग आणि बदली पंप जास्त विकले जातात तिथे मॉडेल पुढे, जो पंप नव्या कामासाठी पहिल्यांदा घेतला जातो तिथे काम पुढे.

चौतीस ओळी हाताने लिहिण्याऐवजी स्प्रेडशीटमध्ये मॉडेल, धातू, वापर, प्रवाह, हेड असे रकाने करा आणि जोडा. दुसरी ओळ लांबी मोजते:

```
=A2&" "&B2&" "&C2&" Pump, "&D2&" m3/hr, "&E2&" m"
=LEN(F2)
```

सूत्राने तयार झालेली प्रत्येक ओळ वाचूनच पुढे पाठवा. आमच्याकडे एका ओळीत वापराच्या रकान्यात आधीच पंप हा शब्द होता आणि `Pump Pump` झालं होतं.

मथळा, पत्ता आणि पीडीएफ

गूगल आपलं टायटल जसंच्या तसं दाखवेलच असं नाही. २०२१ मध्ये त्यांनी निकालातली ओळ ठरवण्याची पद्धत बदलली. टायटल अर्धवट, जुनाट किंवा सगळ्या पानांवर एकच वाटलं तर ते पानाचा मोठा मथळा किंवा दुसऱ्या पानावरून दिलेल्या दुव्याचे शब्द उचलतात. या कारखान्याच्या पानांवर मोठा मथळा होता `Product Details`, चौतीसही पानांवर. टायटल बदलून मथळा तसाच ठेवला असता तर निम्मं काम वाया गेलं असतं. मथळ्यात मॉडेल आणि पंपाचा प्रकार टायटलसारखाच ठेवा. शब्दन्‌शब्द तोच हवा असं नाही, पण दोघांनी वेगळी गोष्ट सांगू नये.

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, टायटल बदलताना बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं रिडायरेक्शन लावा, नाहीतर जुन्या कोटेशनांमधले दुवे तुटतात.

डेटाशीटची पीडीएफ सहसा विसरली जाते. मॉडेल क्रमांक शोधणाऱ्याला बऱ्याचदा तीच आधी दिसते, आणि तिचं टायटल वर्डमधून आपोआप आलेलं `Microsoft Word - final2.doc` असं असतं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिथेही पंपाचं नाव लिहा.

बदल लागला की नाही, कसं ओळखायचं

टायटल बदलल्यावर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचं यूआरएल इन्स्पेक्शन करून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती टाका. मग थांबा. निकालात नवी ओळ यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. ती आली का हे कारखान्याचं नाव शोधून बघू नका, मॉडेल क्रमांक शोधून बघा.

परफॉर्मन्स अहवालात क्वेरीवर रेगेक्स फिल्टर लावता येतो. डॅश, मोकळी जागा, तिरकी रेघ किंवा चिकटवलेले आकडे, सगळं एकदम पकडायला एवढं पुरतं:

```
65.?50.?160
```

इम्प्रेशन, म्हणजे निकालात पान किती वेळा दिसलं ते, आधी वाढताना दिसतात, क्लिक मागाहून. इम्प्रेशन वाढले पण क्लिक नाहीत, तर ओळ कुठे कापली जाते ते मोबाईलवर बघा. क्लिक आले पण इन्क्वायरी भलत्या येत असतील, तर वापराचा शब्द चुकला आहे. वरचा अ‍ॅसिडचा घोळ आम्हाला दुसऱ्या एका पानावर असाच सापडला.

तुलना करताना मोसम लक्षात घ्या. खाणीतला पाणी उपसण्याचा पंप मे महिन्यात शोधला जातो, डिसेंबरमध्ये नाही. त्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतो, त्यामुळे ती करता येते.

या साधनाची एक मर्यादाही आहे. फार थोड्या लोकांनी केलेले शोध सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, आणि मॉडेल क्रमांकाचे शोध मुळातच थोडे असतात. म्हणजे आपल्यासाठी सगळ्यात मोलाचे शोध अहवालात दिसणारच नाहीत, असं होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणून फोन उचलणाऱ्या ताईंच्या टेबलावर एक वही ठेवली. प्रत्येक नव्या फोनला त्या एकच प्रश्न विचारतात: "साहेब, गूगलवर काय टाकून शोधलंत?" आणि सांगितलेले शब्द तसेच उतरवून घेतात. दर तिमाहीला त्या वहीतले नवे शब्द पहिल्या पायरीच्या स्प्रेडशीटमध्ये जातात.

त्याच वहीने आम्हाला आधी न सुचलेली गोष्ट दाखवली. बरेच फोन कारखान्याने कधीच बंद केलेल्या मॉडेलांसाठी येत होते. पंप वीस-वीस वर्षं चालतात. नेमप्लेट जुनीच राहते, आणि सील गळायला लागला की माणूस तो जुना क्रमांक टाइप करतो. वेबसाइट नवी करताना ती पानं काढून टाकलेली होती. आम्ही ती परत लावली, प्रत्येकावर सध्याच्या मॉडेलचा दुवा दिला आणि टायटल सुट्या भागांवर बेतलं:

```html
<title>CPS-2 Pump Spares: Impeller, Shaft Sleeve, Mechanical Seal</title>
```

अशा पानावर क्षमतेची जोडी टायटलमध्ये लागत नाही. पंप त्याच्याकडे आहेच, त्याला भाग हवा आहे. भागांची नावं मात्र पीओवर येतात त्याच शब्दांत लिहावीत. आमच्याकडे स्टोअरमध्ये `Bush` म्हणतात त्याला सगळी गिऱ्हाइकं `Sleeve` म्हणत होती.